केसपेपरचा फोटो आला की: विभाग, युनिट आणि खोली क्रमांक वाचून नेमकी खिडकी कशी सांगायची

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत तालुक्याच्या गावांतून माणसं येतात आणि त्यांच्या हातातला कागद वाचून दाखवणारा नातेवाईक बहुतेक वेळा दुसरीकडंच असतो, हिंजवडीच्या ऑफिसात किंवा हडपसरच्या कारखान्यात. मग व्हॉट्सॲपवर केसपेपरचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ: "कुठं जायचं सांग." कागद इंग्रजीत, तोही निम्मा आद्याक्षरांत. दारावरची पाटी मराठीत, पण ते मराठी घरात कुणी बोलत नाही. या दोहोंच्या मध्ये उभं राहून समोरच्या माणसाला योग्य दारापर्यंत कसं पोचवायचं, तेवढंच इथं लिहितो आहे. उदाहरण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका रुग्णालयातल्या ओपीडीचं घेतलं आहे. खासगी रुग्णालयाचा कागद अधिक नीटनेटका असतो, पण वाचायची पद्धत हीच.

आधी फोटो नीट मागवा

अर्ध्या चुका फोटोतच होतात. कागद चार घड्या घालून पिशवीत ठेवलेला असतो आणि नेमकी घडी विभागाच्या ओळीवर पडते. म्हणून सांगायचं, कागद बाकड्यावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, वरून सरळ फोटो काढा. एक फोटो पूर्ण कागदाचा आणि एक फक्त डॉक्टरांनी हातानं लिहिलेल्या भागाचा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळं पाठवताना एचडी निवडायला सांगा किंवा फाइल म्हणून मागवा.

मागची बाजूही मागवा. दुसऱ्या विभागाला दिलेली चिठ्ठी, पुढची तारीख, पैसे भरल्याचा शिक्का हे बऱ्याचदा मागेच असतं आणि पेशंटला ते महत्त्वाचं आहे हे माहीत नसतं. टोकनची किंवा पावतीची पट्टी गुळगुळीत असेल तर तो थर्मल कागद आहे. उन्हात, खिशाच्या उबेत त्यावरची अक्षरं पुसट होतात आणि लॅमिनेशन केलं तर पट्टी काळी पडते. म्हणून तिचा फोटो हातात आल्याआल्याच काढलेला बरा.

आणखी एक. हा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला सांगू नका. त्यावर नाव, फोन नंबर, आजार सगळं असतं. एकाच माणसाला पाठवा आणि त्यानंच उत्तर द्यावं. दोघातिघांनी वेगवेगळं सांगितलं की पेशंट जिन्यातच अडकतो.

उदाहरणाचा कागद

मामी, वय ५८, इंदापूरहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. बरेच दिवस साखर आहे, हल्ली धूसर दिसतं. सोबत मामा. नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर निघाला, त्यावर छापलेलं असं:

```
UHID      : 2500183756
Reg. Dt.  : 12/06/2025  09:14
Age/Sex   : 58 Y / F
Dept/Unit : MED / U-III (Mon, Thu)
Room      : OPD / 1F / R-109
Token     : 47
```

यात तीन आकडे आहेत आणि तिन्हींचं काम वेगळं. `UHID` हा पेशंटचा कायमचा नंबर. रक्त तपासणीच्या खिडकीवर, रिपोर्ट घेताना, पुढच्या खेपेला हाच विचारतात. काही ठिकाणी याच जागी `MRN` किंवा `CR No.` छापलेलं असतं. `Token` हा फक्त आजचा आणि फक्त या एका दारासमोरच्या रांगेचा. `Room` ही जागा. मामा रांगेत "आमचा नंबर एकशे नऊ" म्हणत बसले आणि सत्तेचाळीस पुकारून गेला, असं सहज होतं. म्हणून तिन्ही आकडे वेगवेगळे सांगायचे आणि प्रत्येकासोबत तो कुठं दाखवायचा तेही सांगायचं. कागदावर चौदा आकडी नंबर दिसला, तर तो बहुधा आभा क्रमांक असतो. तो रुग्णालयाचा नंबर नव्हे. खिडकीवर `UHID` मागितला तर तो देऊन चालत नाही.

विभागाची तीन नावं

आता `MED`. इथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. `MED` म्हणजे मेडिसिन, जिथं साखर, रक्तदाब, ताप, धाप असे आजार पाहतात तो विभाग. पण मेडिसिन म्हटलं की मामांच्या डोक्यात औषधाचं दुकान येणार. त्यात सरकारी पाटीवर या विभागाचं नाव असतं "औषधवैद्यकशास्त्र". "औषध" एवढं वाचून माणूस थेट औषधं देण्याच्या खिडकीपुढं उभा राहतो, तासाभरानं नंबर लागतो आणि मग कळतं की अजून डॉक्टरांनी तपासलेलंच नाही.

म्हणून प्रत्येक विभागाची तीन नावं सांगायची सवय ठेवा: कागदावर काय आहे, पाटीवर काय असेल आणि आपल्या भाषेत तिथं काय तपासतात. मामींसाठी ते असं होईल: "कागदावर `MED` आहे, पाटीवर औषधवैद्यकशास्त्र असेल, तिथं साखरेचे डॉक्टर तपासतात. औषधं मिळायची ती खिडकी वेगळी, तिकडं आत्ता जायचं नाही."

अशा जागा आणखी आहेत. `SURG` म्हणजे शल्यचिकित्सा, गाठ, हर्निया, जखम. `ORTHO` ची पाटी "अस्थिव्यंगोपचार", म्हणजे हाडांचे डॉक्टर. `OPHTH` किंवा `EYE` म्हणजे नेत्ररोग. `PATH` ची पाटी "विकृतीशास्त्र", जिथं रक्त-लघवी तपासतात, आणि `PSY` ची पाटी "मनोविकृतीशास्त्र", जिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. या दोन पाट्या घाईत सारख्याच वाटतात. ज्याला फक्त रक्त द्यायचं आहे तो मनोविकारांच्या ओपीडीत बसून राहिला तर त्याला आधी राग येतो आणि मग भीती वाटते.

हातानं लिहिलेलं असेल तर `Neuro`, `Nephro` आणि `Uro` या तिघांकडं नीट पाहा. पहिला मेंदू आणि नसांचा विभाग, दुसरा मूत्रपिंडाचा, तिसरा लघवीच्या मार्गाचा. अक्षर लागत नसेल तर मधे p आणि h ची लांब दांडी शोधा. तीही ठरत नसेल तर आजार विचारा. पाय बधिर होतात म्हणून पाठवलं असेल तर न्यूरो, क्रिएटिनिन वाढलं म्हणून पाठवलं असेल तर नेफ्रो. दोन अक्षरी खुणांचा अर्थ त्या कुठल्या ओळीत आहेत त्यावरून ठरतो. `PT` विभागाच्या ओळीत असेल तर फिजिओथेरपी, पण तपासण्यांच्या ओळीत आणि शेजारी `INR` असेल तर ती रक्त गोठण्याची तपासणी. `OT` तसंच. बहुतेक वेळा ऑपरेशन थिएटर, पण फिजिओथेरपीच्या शेजारी असेल तर ऑक्युपेशनल थेरपी. एका अक्षरावरून "ऑपरेशन सांगितलंय" असा निरोप घरी जाता कामा नये.

युनिट म्हणजे कोणते डॉक्टर, कोणत्या वारी

`U-III` कडं बहुतेक जण लक्षच देत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एका विभागाचे डॉक्टरांचे अनेक गट असतात, त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटचे डॉक्टर ठरलेले आणि ओपीडीचे वार ठरलेले. मामींच्या कागदावर तिसरं युनिट आहे, सोमवार आणि गुरुवार. १२ जून २०२५ हा गुरुवार, म्हणजे आज बरोबर दिवशी आल्या आहेत.

घोटाळा पुढच्या खेपेला होतो. त्या मंगळवारी आल्या तर खोली तीच, बाक तेच, फक्त आत दुसरं युनिट बसलेलं. ते डॉक्टर "तुम्ही युनिट तीनचे, गुरुवारी या" म्हणून परत पाठवू शकतात, आणि त्यांचंही खरं असतं, कारण आधी काय ठरलं ते त्यांनी पाहिलेलं नसतं. इंदापूरहून येणाऱ्याचा अख्खा दिवस आणि दोघांचं भाडं गेलं. त्यामुळं युनिटचा आकडा आणि वार मी कागदावर पेनानं मोठ्या अक्षरांत लिहायलाच सांगतो. आकडे रोमन असतात, `II` आणि `III` मधली एक काडी फोटोत पुसट होते. शंका असेल तर वारावरून ताळा घ्या. वार छापलेले नसतील तर नोंदणीच्या खिडकीवर एवढंच विचारायला सांगा, "हे युनिट कोणत्या वारी असतं?"

खोलीचा कोड: भाषांतर करू नका, फोड करा

`OPD / 1F / R-109` याची फोड अशी: ओपीडीची इमारत, पहिला मजला, खोली १०९. निरोपात कोड जसाच्या तसा लिहा आणि पुढं अर्थ लिहा, कारण मामा तो कागद सुरक्षारक्षकाला दाखवणार आणि त्याला कोडच ओळखीचा असतो.

इमारत सगळ्यात आधी. जुन्या रुग्णालयांत एकाच आवारात वेगवेगळ्या काळातल्या इमारती असतात. ससूनमध्ये १८६७ साली सुरू झालेल्या रुग्णालयाची दगडी इमारत आणि अलीकडची अकरा मजली इमारत एकाच आवारात आहेत. अशा ठिकाणी नुसतं "खोली १२" सांगून उपयोग नाही, बारा नंबर दोन्हीकडं असू शकतो. कागदावर इमारत नसेल तर पेशंट आत्ता कुठं उभा आहे ते विचारा आणि "ओपीडीची इमारत कोणती" हे तिथल्या मदतकक्षावर विचारून घ्यायला सांगा.

मग मजला. `GF` किंवा `G` म्हणजे तळमजला, `1F` म्हणजे एक जिना चढून. "पहिला मजला" म्हटलं की काही माणसं जमिनीवरचाच मजला पहिला धरतात. म्हणून "एक जिना चढा" असंच सांगावं. खोली शेकड्यात असेल तर पहिला आकडा बहुधा मजल्याचा असतो, १०९ म्हणजे पहिल्या मजल्यावरची नववी खोली. पण जुन्या इमारतींत खोल्यांना सलग क्रमांक दिलेले असतात, तिथं १०९ तळमजल्यावरही सापडेल. कोडमध्ये मजला वेगळा लिहिला असेल तर त्यावर विश्वास ठेवा. नसेल तर शेकड्यावरून अंदाज सांगा आणि तो अंदाज आहे हेही सांगा. एकट्या `B` चा अर्थ तळघर की बी विंग, हे फोटोवरून ठरवू नये. विचारून घ्यावं.

हातानं लिहिलेल्या खोलीच्या आकड्यात एक खास मराठी अडचण असते. कर्मचारी मराठी आकडेही लिहितात आणि इंग्रजीही, कधी एकाच कागदावर. मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि मराठी ४ हा 8 सारखा. "१४" लिहिलेलं इंग्रजी समजून वाचलं तर 98 होतं. त्यामुळं त्याच हातानं लिहिलेली तारीख शोधा. तारीख आपल्याला माहीत असते. तिच्यात एक आणि चार कसे काढलेत ते पाहिलं की खोलीचा आकडा सुटतो.

डॉक्टरांनी लिहिलेल्या चार ओळी आणि त्यांचा क्रम

तासाभरानं मामी आतून आल्या. दुसरा फोटो आला:

```
Adv : BSL F/PP, HbA1c, S. Creat
      ECG
Ref : Ophth - fundus
F/U : Mon c reports
```

`Adv` म्हणजे करायला सांगितलेलं. `BSL F/PP` म्हणजे उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर. `HbA1c` म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज. `S. Creat` ही मूत्रपिंडासाठीची रक्त तपासणी. `ECG` म्हणजे हृदयाची पट्टी. `Ref` म्हणजे दुसऱ्या विभागाकडं पाठवलं, इथं डोळ्यांकडं, पडदा तपासायला. `F/U` म्हणजे पुन्हा दाखवायला या. शेवटच्या ओळीतल्या `c` वर बहुधा आडवी रेघ असते, तिचा अर्थ "सोबत". सोमवारी रिपोर्ट सोबत घेऊन या.

अर्थ लागला, पण दार अजून ठरलेलं नाही. हा क्रम कागदावर नसतो, तो वाचणाऱ्यानं लावून द्यायचा असतो. मामींनी स्वारगेटला उतरून चहा-बिस्किट घेतलं होतं, म्हणजे उपाशीपोटीची साखर आज होणार नाही. `F` साठी आठ ते दहा तास पाण्याशिवाय काही घेतलेलं चालत नाही आणि `PP` जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी देतात. `HbA1c` आणि क्रिएटिनिनला उपास लागत नाही, ती आज होऊ शकतात. पण अहवाल तर सोमवारी हवेत. म्हणून खोली १०९ सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारायला सांगायचं: "आज खाऊन आलोय. साखर उद्या सकाळी देऊ, की गावाकडच्या सरकारी दवाखान्यात करून रिपोर्ट आणला तर चालेल? आणि साखरेची गोळी त्या दिवशी कधी घ्यायची?" एकदा खाली उतरलं की परत त्या दारात शिरणं अवघड असतं.

डोळ्यांची तपासणी सगळ्यात शेवटी. पडदा पाहण्यासाठी डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात, त्यांना काम करायला साधारण अर्धा तास लागतो आणि नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. थेंब टाकल्यावर मामींना रक्ताची खिडकी शोधायला पाठवणं म्हणजे त्यांचे हालच. पण नेत्र विभागाची नोंद बंद व्हायच्या आत झाली पाहिजे. तेव्हा मामींना रक्त आणि ईसीजीकडं धाडून मामांनी तेवढ्यात डोळ्यांच्या ओपीडीत जाऊन विचारावं, "मेडिसिनकडून पाठवलंय, वेगळी नोंद लागते का, आणि कधीपर्यंत?" सत्तेचाळीस नंबरचं टोकन तिथं चालत नाही. नव्या दाराची रांग नवी.

तपासणीच्या आधी बहुतेक ठिकाणी एक खिडकी असते जी कागदावर लिहिलेलीच नसते, ती म्हणजे पैशांची. तपासणीचा फॉर्म तिथं दाखवायचा, शुल्क भरायचं किंवा सवलतीचा शिक्का घ्यायचा, मगच रक्त काढतात. फॉर्मवर शिक्का नसेल तर रक्ताच्या रांगेतून परत पाठवतात. पिवळं रेशनकार्ड असेल किंवा पैशांची अडचण असेल तर समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारायला सांगा. कागदावर ती `MSW` म्हणून येते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा विषय निघाला तर "आरोग्यमित्र कुठं बसतात" हा प्रश्न पुरेसा आहे.

निरोप कसा लिहायचा

एका वेळी एकच दार सांगा. पाच खिडक्यांची यादी एकदम पाठवली की माणूस तिसरी आधी करतो. मामींना मी असा निरोप लिहीन, आणि वाचता येत नसेल तर बोलून पाठवीन:

"मामी, आत्ता एकच काम. ओपीडीच्या इमारतीत एक जिना चढा, खोली `R-109`. पाटीवर औषधवैद्यकशास्त्र लिहिलं असेल. तुमचा रांगेचा नंबर ४७. तो पुकारला की आत जा. डॉक्टरांना सांगा, साखर आहे आणि धूसर दिसतंय. बाहेर आलात की दाराजवळच थांबा, कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा. मग पुढचं सांगतो."

दुसरा निरोप दुसऱ्या फोटोनंतर: "मामा, तुम्ही डोळ्यांच्या ओपीडीत जाऊन नोंद विचारा. मामी, तुम्ही आधी पैशांच्या खिडकीवर फॉर्मवर शिक्का घ्या, मग रक्त, मग हृदयाची पट्टी. कुणी नंबर विचारला तर कागदावरचा सगळ्यात वरचा दाखवा. थेंब टाकायच्या आधी दोघं एकत्र या."

काही नोंदींचा अर्थ मोठ्यानं सांगायचा नसतो. कागदावर `ICTC` किंवा `ART` दिसलं तर ती एचआयव्हीच्या तपासणीची आणि उपचाराची ठिकाणं आहेत. गरोदर बाईला `ICTC` ला नेहमीच्या तपासण्यांतच पाठवतात. फोन स्पीकरवर असेल, शेजारी चार माणसं असतील, तर फक्त खोली सांगा आणि "तिथं रक्त घेतील" एवढंच म्हणा. बाकीचं तिथले समुपदेशक पेशंटला एकांतात सांगतात.

पाटी जुळत नसेल तेव्हा

खोली सापडली पण पाटी वेगळी, असं झालं तर रांगेत बसू देऊ नका. आधी दाराचा फोटो मागवा. पाटीवर विभाग जुळतो आणि युनिट वेगळं असेल, तर वार चुकला किंवा युनिटची खोली बदलली आहे. दारातल्या मावशींना किंवा सिस्टरना "युनिट तीन आज कुठं बसलंय?" विचारावं. विभागच वेगळा असेल तर इमारत किंवा मजला चुकलाय. एकदा इमारतीच्या दाराशी परत या आणि तिथून कोड पुन्हा वाचा. आणि रांगेतल्या दोघा-तिघांच्या हातातले कागद पाहा. त्यांच्या कागदावरही `MED / U-III` असेल तर दार बरोबर आहे, पाटी जुनी राहिली आहे.

रक्त दिल्यावर मिळालेल्या पावतीवर एक वेगळा लॅब नंबर असतो. त्या पावतीचा फोटो लगेच घ्या आणि रिपोर्ट कुठल्या खिडकीवर, किती वाजल्यानंतर मिळतो ते तिथंच विचारून पावतीमागे लिहून ठेवा. बऱ्याचदा रक्त घेणारी खिडकी आणि रिपोर्ट देणारी खिडकी वेगळ्या असतात. सोमवारी आधी रिपोर्टची खिडकी, मग जुना केसपेपर घेऊन नोंदणीवर त्या दिवसाचं नवं टोकन, आणि मग एक जिना चढून `R-109`.